सोडा दह्यावर मोजायचा, पावडर मैद्यावर: एका एगलेस केकचा हिशेब

एगलेस केकच्या शंभर रेसिपी वाचल्या तर त्यातल्या बहुतेकांत अर्धा चमचा खायचा सोडा आणि एक-सव्वा चमचा बेकिंग पावडर असते. दोन्ही का, एवढीच का, त्यातली एक घरात नसेल तर काय, हे मात्र कुणी सांगत नाही. मग नवशिका माणूस दोन्ही पांढऱ्या पुडी एकसारख्याच समजून एकीच्या जागी दुसरी घालतो. केक कधी फुगतो, कधी मधोमध बसतो, कधी साबणासारखा लागतो.

या लेखात एकच केक घेऊ: दीड कप मैदा आणि एक कप दही यांचा, अंड्याशिवायचा, साधा व्हॅनिला केक. त्यातला सोडा कुठून ठरला आणि पावडर कुठून ठरली, एवढं नीट कळलं की बाकीच्या रेसिपी तुम्हाला तुमच्या तुम्ही तपासता येतील.

आधी दोन्ही डब्यांत काय आहे ते

खायचा सोडा म्हणजे निव्वळ सोडियम बायकार्बोनेट. त्यात दुसरं काही नसतं. तो क्षार आहे, आणि ओलाव्यात त्याला आम्ल भेटलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. हा वायू मिश्रणातल्या बारीक बुडबुड्यांत शिरतो, भट्टीच्या उष्णतेने प्रसरण पावतो आणि केकला जाळी पडते. मिक्सिंग करताना आपण हवेचे बुडबुडे तयार करतो आणि वायू ते मोठे करतो. नवे बुडबुडे वायू सहसा तयार करत नाही, म्हणून साखर-दही-तेल नीट फेटण्याला महत्त्व आहे.

बेकिंग पावडर म्हणजे तोच सोडा, त्याला पुरेल एवढं कोरडं आम्ल, आणि दोघांना एकमेकांपासून कोरडं ठेवायला कॉर्नफ्लोअर. म्हणजे पावडर स्वतःचं आम्ल स्वतःबरोबर घेऊन येते. तिला दही लागत नाही, लिंबू लागत नाही, नुसता ओलावा आणि उष्णता पुरते. १८४३ साली इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने पहिली अशी पावडर बनवली, कारण त्याच्या बायकोला यीस्ट सोसत नव्हतं. पुढे अमेरिकेत एबेन हॉर्सफर्ड या रसायनशास्त्रज्ञाने त्यात कॅल्शियम फॉस्फेटचं आम्ल आणलं, आणि आजच्या डब्यांतही त्याच घराण्यातली आम्लं असतात.

आपल्याकडच्या बहुतेक पावडरी दोनदा काम करतात. एक आम्ल गार मिश्रणातच विरघळून लगेच वायू सोडायला लागतं, दुसरं तापल्यावर. त्यामुळे मिश्रण भट्टीत जायला पाच-दहा मिनिटं उशीर झाला तरी पावडरीतला काही वायू राखीव असतो. सोड्याचं तसं नाही. दह्यात सोडा मिसळला की त्याचं बरंचसं काम तिथेच सुरू होतं आणि तुम्ही टिन शोधत असताना वायू निघून चाललेला असतो.

ताकदीचाही फरक मोठा आहे. पुरेसं आम्ल मिळालं तर सोड्याच्या वजनाच्या निम्म्याहून थोडा जास्त भाग वायू म्हणून बाहेर पडतो. बेकिंग पावडरीतून साधारण १० ते १४ टक्के. म्हणून चमच्याला चमचा तुलना केली तर सोडा चौपट-पाचपट जोरदार. व्यवहारात पाव चमचा सोडा म्हणजे एक चमचा पावडर, एवढं धरलं तरी पुरतं.

पायरी १: डबे जिवंत आहेत का बघा

सोडा: पाव चमचा सोड्यावर एक चमचा लिंबाचा रस टाका. जोरात फसफसला पाहिजे. सोडा कोरडा असेल तर सहज वर्ष-दोन वर्षं टिकतो, त्यामुळे तो क्वचितच दगा देतो.

पावडर: अर्धा कप गरम पाण्यात एक चमचा पावडर टाका. लिंबू नको. इथे आपल्याला तिच्यातलं आम्ल आणि सोडा दोन्ही शाबूत आहेत का ते बघायचंय. लिंबू टाकलं तर आतलं आम्ल मेलेलं असलं तरी उरलेला सोडा फसफसेल आणि तुम्ही फसाल. गरम पाण्यात लगेच, भरपूर, सगळीकडून बुडबुडे आले तर पावडर चांगली. चार-दोन बुडबुडे येऊन पीठ तळाला बसलं तर फेकून द्या. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्याच्या चार महिन्यांत उघड्या, रबर लावून ठेवलेल्या पाकिटातली पावडर हवेतला ओलावा घेऊन आतल्या आत थोडी थोडी खर्च होते. पाकीट फोडलं की लगेच घट्ट झाकणाच्या कोरड्या बरणीत काढा. फ्रिजमध्ये ठेवू नका, बाहेर काढताना बरणीच्या आत घाम येतो.

आणखी एक: या लेखात चमचा म्हणजे ५ मिलीचा मापाचा चहाचा चमचा, सपाट, वरून सुरीने सारखा केलेला. पोहे खायचा चमचा नव्हे. पोह्याच्या चमच्यात शिगेने सोडा घेतला तर तो सहज दुप्पट भरतो. केक साबणासारखा लागण्याचं निम्मं कारण इथेच असतं.

पायरी २: मिश्रणात आम्ल कुठे आहे ते शोधा

रेसिपी वाचताना सोड्याकडे नंतर बघा, आधी आम्लाकडे. दही, ताक, लिंबाचा रस, व्हिनेगर, संत्र्याचा रस ही जोरकस आम्लं. पिकलेलं केळं, गूळ, मध, काकवी यांत आम्ल असतं, पण बेताचं. दूध जवळपास निरुपयोगी. साखर, तूप, तेल, मैदा, रवा यांचा या हिशेबात उपयोग नाही.

कोकोचं जरा बघून घ्यावं लागतं. साधी, फिकट तपकिरी कोको पावडर आम्लधर्मी असते. गडद, जवळपास काळपट कोको पावडरीवर बनवतानाच क्षाराची प्रक्रिया झालेली असते आणि तिच्यात सोड्याला देण्यासारखं आम्ल उरलेलं नसतं. पाकिटावर ‘अल्कलाइज्ड’ किंवा ‘डच’ असं लिहिलेलं असेल तर ती दुसऱ्या प्रकारची. रेसिपी पहिल्या प्रकारासाठी लिहिलेली असेल आणि तुम्ही दुसरी घातली, तर सोडा बेवारस राहतो.

आमच्या केकात आम्ल एकच आहे: एक कप दही.

पायरी ३: दह्यावरून सोडा मोजा

इथे थोडं गणित आहे, पण ते एकदाच करायचं. एक कप दही म्हणजे साधारण २४० ग्रॅम. सर्वसाधारण घरच्या दह्यात लॅक्टिक आम्ल सुमारे ०.८ टक्के धरू, म्हणजे कपभर दह्यात जवळपास २ ग्रॅम. आणि सोयीची गोष्ट अशी की लॅक्टिक आम्ल आणि सोडा एकमेकांना वजनाने जवळजवळ सारखेच लागतात, ९० ग्रॅम आम्लाला ८४ ग्रॅम सोडा. म्हणजे २ ग्रॅम आम्लाला २ ग्रॅमहून किंचित कमी सोडा पुरतो. अर्ध्या चमच्यात सोडा साधारण २.३ ग्रॅम मावतो.

म्हणजे सर्वत्र लिहिलेला अर्धा चमचा सोडा हा कपभर दह्याला थोडा जास्तच आहे. अगदी ताजं, गोडसर दही असेल तर आम्ल ०.६ टक्क्यांच्या आसपास असतं, तेव्हा जेमतेम १.३ ग्रॅम सोडा खपतो आणि एक ग्रॅम तसाच उरतो. दोन दिवसांचं, चांगलं आंबट दही असेल तर आम्ल १ टक्क्याच्या वर जातं आणि अर्धा चमचा सोडा पूर्ण खपतो. एकच रेसिपी, एकच हात, तरी एकदा केक छान आणि एकदा साबणी, याचं कारण बहुतेक वेळा दही असतं. पाकिटातलं दही बहुधा घरच्यापेक्षा कमी आंबट असतं, हेही लक्षात ठेवा.

उरलेल्या सोड्याचं काय होतं? तो नाहीसा होत नाही. भट्टीत तापल्यावर आम्ल नसतानाही सोडा फुटतो, पण तेव्हा वायू निम्माच मिळतो आणि मागे सोडियम कार्बोनेट राहतं, म्हणजे धुण्याचा सोडा:

```
2 NaHCO3 → Na2CO3 + H2O + CO2
```

जिभेवर येणारी साबणी, तुरट चव याचीच. आणि हा उरलेला क्षार केकचा रंगही बदलतो. क्षारधर्मी मिश्रणात साखर आणि प्रथिनं यांची तपकिरी होण्याची क्रिया वेगाने होते, म्हणून जास्त सोड्याचा केक वरून लवकर गडद होतो आणि आतूनही पांढरा न राहता पिवळट-तपकिरी दिसतो.

तर मापाचा नियम असा. दही चाखून बघा. गोडसर असेल तर कपाला पाव चमचा सोडा. नेहमीचं आंबट असेल तर पाव चमचा आणि वर एक चिमूट. चांगलं आंबट, ताकात टाकायला ठेवलेलं असेल तर अर्धा चमचा, किंचित उणा. मी स्वतः नेहमीच्या दह्यालाही पाव चमचाच घालते. थोडं आम्ल मागे राहिलं तर केकला दह्याची हलकी आंबूस चव येते आणि ती मला आवडते. सोडा मागे राहिला तर ती चव कुणालाच आवडत नाही. चूक करायचीच झाली तर आम्लाच्या बाजूने करावी.

पायरी ४: उरलेली उणीव पावडरने भरा

आता वायूचा हिशेब. एक कप मैद्याला एक चमचा बेकिंग पावडर, हा साधा दंडक. आमचा दीड कप मैदा, साधारण १९० ग्रॅम, म्हणजे दीड चमचा पावडरीइतका वायू हवा. पाव चमचा सोड्याने दही मारलं की त्यातून एक चमचा पावडरीइतका वायू मिळाला. राहिला अर्धा चमचा. पण सोड्याच्या वायूतला एक हिस्सा मिसळतानाच उडून जातो, आणि दह्याचा अंड्याविना केक जड असतो, म्हणून मी इथे अर्ध्याऐवजी एक चमचा पावडर घालते. उशिरा, भट्टीत सुटणारा वायू याच चमच्यातून येतो.

म्हणजे दोन्ही का लागतात याचं उत्तर असं: सोडा दह्याचं आम्ल वापरायला आणि आंबटपणा आटोक्यात ठेवायला, पावडर उरलेला आणि उशिराचा वायू द्यायला. नुसती पावडर घातली तर केक फुगेल, पण दही तसंच आंबट राहील आणि केक वरून फिका राहील. नुसता सोडा घालून सगळा वायू काढायला गेलात तर दह्याला झेपेल त्याहून जास्त सोडा लागेल.

पुरेल का, याचा अंदाज घ्यायचा असेल तर: पाव चमचा सोडा आणि एक चमचा चांगली पावडर यांतून मिळून सुमारे एक ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. एक ग्रॅम ऐकायला काहीच नाही, पण खोलीच्या तापमानाला तो अर्ध्या लिटरहून जास्त जागा व्यापतो, आणि आमचं सगळं मिश्रणच साधारण पाऊण लिटरच्या आत आहे. वायू कमी पडतो म्हणून केक बसतो असं क्वचितच होतं. तो धरून ठेवता येत नाही म्हणून बसतो.

पायरी ५: आता केक

साहित्य: मैदा दीड कप, ताजं नेहमीचं दही एक कप, साखर पाऊण कप, बिनवासाचं तेल अर्धा कप, खायचा सोडा पाव चमचा, बेकिंग पावडर एक चमचा, मीठ चिमूटभर, व्हॅनिला एक चमचा. ७ इंची गोल टिन.

आधी भट्टी १८० अंशांवर तापत ठेवा. टिनला तेल लावून तळाशी कागद घाला. हे आधी करायचं, कारण सोडा ओला झाल्यावर तुमच्याकडे वेळ नसतो.

मैदा, सोडा, पावडर आणि मीठ एकत्र दोनदा चाळून घ्या. हे चाळणं दिखाऊ नाही. सोड्याच्या गुठळ्या हाताला लागत नाहीत, पण केकमध्ये त्या जागी गडद तपकिरी ठिपका पडतो आणि तो ठिपका दाताखाली आला की कडू लागतो. ढोकळा करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक असतं: सोडा नीट मिसळला नाही की हळदीच्या पिवळ्या ढोकळ्यावर लाल ठिपके उमटतात. हळद क्षाराला लाल होते.

दुसऱ्या भांड्यात दही आणि साखर साखर विरघळेपर्यंत फेटा. तेल आणि व्हॅनिला घालून पुन्हा फेटा. दही खोलीच्या तापमानाचं असू द्या. मग कोरडं मिश्रण दोन वेळा करून घाला आणि मैद्याचा कोरडा पट्टा दिसेनासा होईपर्यंतच हलक्या हाताने फिरवा. गुठळी राहिली तर राहू द्या. जास्त फेटलं तर ग्लुटेन तयार होतं, केक चिवट होतो आणि आत उभी, बोगद्यासारखी भोकं पडतात.

बऱ्याच लोकप्रिय रेसिपींत सोडा आणि पावडर आधी दह्यात घालून पाच मिनिटं ठेवायला सांगतात, दही फुगून वर येईपर्यंत. ते बघायला छान वाटतं, आणि घट्ट दही त्यातला काही वायू धरूनही ठेवतं, म्हणून तो केक होतोही. पण त्या पाच मिनिटांत आणि नंतरच्या ढवळण्यात बराच वायू वाया जातो, आणि तो भरून काढायला त्या रेसिपींत सोडा अर्धा चमचा आणि पावडर सव्वा चमचा ठेवावी लागते. माझं मत विचाराल तर जो वायू घालवायचाच आहे तो तयार करू नये. कोरड्यात चाळून घातलं की कमी मापात काम होतं आणि सोडा मागे उरायची भीती जाते. त्या पद्धतीने करायचंच असेल तर तिचं माप तिचंच ठेवा, इथलं कमी माप त्यात वापरू नका.

मिश्रण टिनमध्ये ओता, एकदा ओट्यावर आपटा आणि थेट भट्टीत. ३५ ते ४० मिनिटं. पहिली २५ मिनिटं दार उघडू नका. या काळात बुडबुड्यांच्या भिंती अजून ओल्या असतात, मैद्यातला स्टार्च फुगून आणि प्रथिनं घट्ट होऊन त्या भिंती पक्क्या व्हायच्या असतात. गार हवा आत गेली की वायू आकसतो आणि ओली भिंत त्याच्याबरोबर खाली येते. कुकरमध्ये करत असाल तर शिट्टी आणि रबर काढून, तळाशी जाळी ठेवून, आच मंद ठेवा. वेळ पाच-दहा मिनिटं जास्त धरा. कुकरमध्ये वरून गडद रंग येत नाही, त्यावरून सोडा कमी पडला असा निष्कर्ष काढू नका.

पायरी ६: केक कापा आणि बघा

पूर्ण गार झाल्यावर मधोमध कापा. मध्ये बसलेला केक दोन वेगळ्या कारणांनी बसतो आणि दोन्हींचा उपाय उलटा आहे, म्हणून आतली जाळी बघायची.

मध्यभागी ओलसर, गचगचीत, जाळी नसलेला पट्टा असेल तर केक कच्चा होता. सोडा-पावडरीला हात लावू नका, वेळ वाढवा किंवा आच कमी करून जास्त वेळ ठेवा. पण आतली जाळी शिजलेली, कोरडी, भोकं मोठाली आणि वेडीवाकडी, आणि भट्टीत केक आधी झपाट्याने वर येऊन मग खाली गेला असेल, तर वायू जास्त झाला. भिंती पक्क्या व्हायच्या आधीच बुडबुडे एकमेकांत फुटून मोठे झाले आणि वर निघून गेले. पुढच्या वेळी पावडर अर्धा चमचा कमी करा. नवशिके इथे उलट करतात, केक बसला म्हणून आणखी पावडर घालतात, आणि पुढचा केक आणखी बसतो.

केक मुळात फुगलाच नाही, जाळी बारीक आणि दाट, वर फिका: पावडर मेलेली होती किंवा मिश्रण बराच वेळ बाहेर राहिलं.

साबणी चव, पिवळट आतली बाजू, वर लवकर आलेला गडद रंग: सोडा उरला. याची खात्री करायची सोपी युक्ती हळदीतच आहे. चिमूटभर हळद चमचाभर पाण्यात कालवा आणि केकच्या आतल्या भागावर एक थेंब टाका. पिवळाच राहिला तर ठीक. केशरी-लालसर झाला तर केक क्षारधर्मी आहे, म्हणजे दह्याला झेपला नाही एवढा सोडा होता. साध्या व्हॅनिला केकवर हे स्पष्ट दिसतं, चॉकलेट केकवर रंग कळत नाही. भट्टीत जायच्या आधीच्या मिश्रणावर ही चाचणी करू नका, कच्च्या सोड्याने हळदीचा रंग तितका स्पष्ट बदलत नाही. तो ठळक बदलतो भाजून झालेल्या धुण्याच्या सोड्याने.

साबण नाही पण जिभेवर धातूसारखी चव येते? ती काही बेकिंग पावडरींतल्या अॅल्युमिनियमयुक्त आम्लाची असू शकते. पाकिटावरचे घटक वाचा आणि दुसरी पावडर घेऊन बघा.

अदलाबदल करायची वेळ आली तर

पावडर नाही, सोडा आहे. एक चमचा पावडरीच्या जागी पाव चमचा सोडा घ्या, पण त्याला आम्ल तुम्हीच द्यायचं. ते पाव चमचा सोड्याला, म्हणजे सव्वा ग्रॅमच्या आतबाहेर सोड्याला, किती लागतं बघा: क्रीम ऑफ टार्टर असेल तर अर्धा चमचा, लिंबाचा रस साधारण एक मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, आणि चांगलं आंबट दही अर्धा कप. दही किंवा रस घातलात तेवढं दूध-पाणी कमी करा.

इथे एक सल्ला सगळीकडे फिरतो: अर्धा चमचा सोड्यावर एक चमचा व्हिनेगर टाका, फसफसलं की घाला. आपल्याकडच्या साध्या व्हिनेगरमध्ये अॅसेटिक आम्ल ४ टक्के असतं. चहाच्या चमचाभर व्हिनेगरमध्ये ०.२ ग्रॅम आम्ल, ते जेमतेम ०.३ ग्रॅम सोडा खाणार. अर्ध्या चमच्यात सोडा २.३ ग्रॅम. उरलेले २ ग्रॅम केकमध्ये जातात, आणि मिश्रणात दुसरं आम्ल नसेल तर तसेच राहतात. फसफस दिसली म्हणजे हिशेब जुळला असं नसतं. एवढ्याशा आम्लानेही भरपूर फेस येतो.

लिंबूफुलाचं म्हणजे सायट्रिक अॅसिडचं माप सोपं आहे. १ ग्रॅम सोड्याला साधारण पाऊण ग्रॅम लिंबूफूल लागतं. कोरडं असल्याने ते सोड्याबरोबर मैद्यात चाळताही येतं. पण ते गारातच आणि झटकन काम करतं, त्यामुळे मिश्रण ओलं झालं की थांबू नका.

उलट बाजूने, सोडा नाही आणि पावडर आहे. पाव चमचा सोड्याच्या जागी पाऊण ते एक चमचा पावडर. केक फुगेल. दह्याचं आम्ल मात्र कुणी मारलं नाही, त्यामुळे चव आंबट आणि रंग फिका. हे नको असेल तर अर्धं दही काढून त्या जागी दूध घाला.

इनो घरात नेहमी असतं म्हणून तेही विचारलं जातं. पाच ग्रॅमच्या साध्या पुडीत मुख्यतः सोडा आणि सायट्रिक आम्ल जवळपास सारख्या वजनाने असतं, पाकिटावर ते स्वर्जिक्षार आणि निंबुकाम्ल या नावांनी लिहिलेलं दिसेल, आणि शिवाय थोडं सोडियम कार्बोनेट. म्हणजे ती एक बेकिंग पावडरच आहे, पण कॉर्नफ्लोअर नाही आणि उशिरा काम करणारं आम्लही नाही. पाण्यात पडताच सगळं काम उरकतं. म्हणून ढोकळ्याला ती उत्तम, कारण पाणी उकळत तयार असतं आणि मिश्रण लगेच वाफेवर जातं. केकसाठी वापरायची असेल तर दही-मैद्याचं मिश्रण पूर्ण तयार करून, भट्टी तापलेली असताना, अगदी शेवटी अर्धी पुडी घालून दहा-बारा वेळा फिरवून लगेच टिनमध्ये ओता. सोडा आणि पावडर दोन्ही वगळा, आणि लिंबाच्या वासाची किंवा ओव्याची पुडी टाळा.

नानखटाईत दही नसताना सोडा का, असं विचाराल तर तिथे हेतूच निराळा असतो. दोन कप मैद्याला दोन चिमट्या सोडा एवढाच असतो. तुपात तो निम्म्याच ताकदीने वायू देतो, पण मागे राहिलेल्या क्षाराने नानखटाई जरा पसरते, वरून तडकते आणि तिला तो बदामी रंग येतो. त्यात पाव चमच्याच्या वर गेलात तर मात्र तुपाचा वास मागे पडतो आणि साबण पुढे येतो.